डिटेक्टरने ७४ टक्के दाखवले, आता मुलीला बोलवायचं कसं?

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. स्टाफरूममध्ये कूलर घरघरतोय, टेबलावर एम.कॉम. फायनलच्या प्रोजेक्टांचा ढीग, आणि एकीचा एआय डिटेक्टरचा रिपोर्ट उघडला तर ७४ टक्के. मुलगी काटोलकडची, रोज एसटीने येणारी, वर्गात गप्प बसणारी. विषय सीताबर्डीच्या मेन रोडवरचे फेरीवाले आणि यूपीआय. शेजारचे सर वाकून म्हणाले, ‘अरे ७४ आहे ना, मग काय पाहायचं राहिलं, रिजेक्ट कर.’

मी केलं नाही, कारण त्याआधी एकदा करून बसलो होतो. एका मुलाचा ८८ आला होता आणि मी भर वर्गात त्याला विचारलं, ‘कोणी लिहून दिलं रे?’ तो काहीच बोलला नाही, मी ते कबुलीसारखं धरलं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील उमरेडहून रफ वही घेऊन आले, दोनशे पानी, खाडाखोड केलेली, पूर्ण प्रोजेक्ट त्यात हाताने लिहिलेला. माफी मागितली मी, पण ती स्टाफरूममध्ये मागितली आणि आरोप वर्गात केला होता, तो हिशोब काही बरोबर झाला नाही. त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती खाली लिहितोय, त्या काटोलच्या मुलीचंच उदाहरण घेऊन.

आधी आकडा वाचायला शिका

बऱ्याच जणांना वाटतं ७४ टक्के म्हणजे ‘७४ टक्के खात्री की पोरीने कॉपी केली’. तसं नाहीये. टर्नइटिनमध्ये त्या टक्क्याचा अर्थ एवढाच की जेवढा मजकूर टूलने तपासला त्यातला एवढा भाग त्याला मशीनने लिहिल्यासारखा वाटतो. काही फुकटच्या वेबसाइटवर तोच टक्का शक्यता म्हणून दाखवतात. म्हणजे दोन टूलचे ७४ हे एकच ७४ नाहीत, आणि दोन-तीन साइटवर टाकून सरासरी काढणं म्हणजे किलो आणि लिटर मिळवणं. टर्नइटिन स्वतःच २० टक्क्यांच्या खालचा आकडा न दाखवता तारांकन दाखवतं, कारण तिथे चूक होण्याची शक्यता जास्त असते. आणि मराठी मजकुरावर त्याचा एआय रिपोर्ट चालतच नाही, त्यामुळे कुणी मराठी निबंधाचा स्कोअर घेऊन आला तर तो कुठून काढला हे आधी विचारा.

अजून एक घोळ आपल्याकडे फार होतो. यूजीसीचे २०१८ चे प्लेजरिझमचे नियम आहेत ना, १० टक्क्यांपर्यंत चालतं, मग ४०, मग ६० असे टप्पे, ते सिमिलॅरिटीचे आहेत, म्हणजे दुसऱ्या कुठल्या लिखाणाशी मजकूर किती जुळतो त्याचे. तिथे तुम्ही मूळ मजकूर शेजारी ठेवून बोट दाखवू शकता. एआय स्कोअरमध्ये शेजारी ठेवायला काहीच नसतं, फक्त टूलचा अंदाज. तरी लोक एआयच्या आकड्याला तेच १०-४०-६० लावून मोकळे होतात.

टूल पाहतं काय, तर पुढचा शब्द किती अपेक्षित होता. वाक्यं गुळगुळीत, शब्द नेहमीचे, लांबी एकसारखी, की मशीनसारखं वाटलं. आता आपल्या पोरांचं इंग्रजी आठवा. सीनियरच्या प्रोजेक्टवरून उचललेली ठरलेली सुरुवात, शब्दसंग्रह मोजका, चूक होईल म्हणून सरळसोट वाक्यं. म्हणजे जो घाबरत घाबरत इंग्रजी लिहितो तो आपोआप ‘अपेक्षित’ लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ९१ टोफेल निबंध, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले, सात डिटेक्टरमधून काढले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंधांवर एआयचा शिक्का बसला, आणि अमेरिकेतल्या आठवीच्या पोरांचे निबंध मात्र जवळपास सगळे सुटले. टूल्स तेव्हापासून बदललीत, पण कारण तेच आहे. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जानेवारी २०२३ ला काढला आणि अचूकता कमी म्हणून जुलैत गुंडाळला, ज्यांनी चॅटजीपीटी बनवलं त्यांनी.

एक छोटा हिशोब कागदावर करून पाहा, मी स्टाफरूममध्ये करून दाखवतो. धरून चाला १०० प्रोजेक्ट, त्यात ८० पोरांनी स्वतः लिहिलं, २० जणांनी एआयकडून. टूल २० पैकी १४ पकडतं आणि स्वतः लिहिणाऱ्या १०० मागे ५ जणांना चुकून धरतं, म्हणजे ८० मागे ४. एकूण १८ रिपोर्ट लाल, त्यातले ४ निर्दोष. आता तुमच्या वर्गाच्या इंग्रजीमुळे चुकीचं प्रमाण ५ ऐवजी १५ धरा, तर ८० मागे १२. एकूण २६ लाल, त्यातले १२ निर्दोष, जवळजवळ निम्मे. टूल तेच, फक्त पोरं वेगळी.

बोलवायच्या आधी एक तास बसा

रिपोर्ट बाजूला ठेवा आणि प्रोजेक्ट स्वतः वाचा, पेन्सिल घेऊन. मग रिपोर्ट उघडून पाहा की रंग कुठे लागलाय. प्रस्तावना, उद्दिष्टं, मर्यादा या भागांवर लागला असेल तर मी फार मनावर घेत नाही, कारण ते भाग सगळ्यांचे सारखेच असतात. माझ्या केसमध्ये मात्र रंग लागला होता चौथ्या प्रकरणावर, फाइंडिंग्जवर, म्हणजे जिथे पोरीचं स्वतःचं काम असायला पाहिजे तिथेच. आणि दुसरं प्रकरण, लिटरेचर रिव्ह्यू, जवळपास पांढरं. हे मला विचित्र वाटलं.

मग स्कोअरशी संबंध नसलेल्या गोष्टी तपासा. संदर्भ यादीतली पाच नावं उचला आणि खरोखर शोधा. जर्नलचं नाव खरं असतं, लेखकही खरा असतो, पण त्या वर्षीच्या त्या अंकात त्या पानावर तसा लेखच नसतो, ही चॅटबॉटची जुनी खोड आहे. डीओआय दिला असेल तर तो उघडून पाहा, बऱ्याचदा भलत्याच विषयाचा पेपर निघतो. हिच्या अकरा संदर्भांपैकी दोन कुठेच सापडेनात, आणि दोन्ही होते पांढऱ्या दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकरणात. हा पुरावा डिटेक्टरपेक्षा भारी आहे, कारण तो तुम्ही कुणालाही दाखवू शकता. पण घाई नको, पोरं सीनियरच्या प्रोजेक्टमधून संदर्भ जसेच्या तसे उतरवतात, तेव्हा मूळ पाप कुणाचं हे अजून ठरलेलं नसतं.

टेबलं आणि ॲनेक्शर जुळतात का तेही पाहा. तिने ४० फेरीवाल्यांना विचारलं असं लिहिलं होतं, टेबलांची बेरीज ४० येत होती, एका टेबलात ३९. हसू आलं मला, कारण बनवलेल्या डेट्यात बेरीज सहसा बरोबर बसवलेली असते.

फाइल मागवायची असेल तर पीडीएफ नाही, मूळ फाइल मागवा. गूगल डॉक्स असेल तर `File > Version history > See version history` मध्ये लिखाण कसं वाढत गेलं ते दिसतं, पण त्यासाठी तुम्हाला एडिट ॲक्सेस लागतो, नुसती व्ह्यूची लिंक पुरत नाही, किंवा तिला तिच्याच लॉगिनने कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा. वर्डमध्ये `File > Info` ला `Total Editing Time` असतो. पण नागपुरात याचा भरवसा किती? पोरं हाताने लिहितात आणि डीटीपीवाल्याकडे टाइपला देतात. तिथे फाइल बनवणारा दादा, एडिटिंग टाइम दोन तास, लेखक म्हणून नाव दुकानाच्या कॉम्प्युटरचं. हिस्टरी असली तर पोराच्या बाजूने चांगली साक्ष आहे, नसली तर काहीच सिद्ध होत नाही. ही एकतर्फी गोष्ट आहे हे लक्षात ठेवा.

आणि कृपा करून मजकूर चॅटबॉटमध्ये टाकून ‘हे तू लिहिलंस का’ असं विचारू नका. त्याला आठवत नसतं, तो हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो. २०२३ मध्ये टेक्ससमधल्या एका प्राध्यापकाने हेच करून वर्गभराचे निकाल अडकवले होते आणि जगभर त्याची बातमी झाली.

मेसेज आणि खोली

व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, एकटीला. मी लिहिलं होतं: ‘तुझा प्रोजेक्ट वाचला. दोन-तीन ठिकाणी मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय. बुधवारी ११ ला डिपार्टमेंटमध्ये ये, प्रश्नावल्या, रफ वही, जे काही असेल ते सोबत आण.’ सोबत काय आणायचं ते सांगणं फार महत्त्वाचं, नाहीतर पोरगी रिकाम्या हाताने येते आणि आपण म्हणतो हिच्याकडे काहीच नाही. अचानक लेक्चरनंतर थांबवू नका, काटोलची एसटी चुकली तर तिचं अर्धं लक्ष घड्याळाकडे राहणार.

दार उघडं, डिपार्टमेंटमधल्या एक मॅडम बाजूच्या टेबलावर. त्यांना मी आधीच सांगितलं होतं की मध्ये बोलू नका, फक्त ऐका. वेळ वीस-पंचवीस मिनिटं.

स्कोअर लपवायचा की सांगायचा यावर आमच्यात वाद आहेत. माझं मत, सुरुवातीलाच सांगा की रिपोर्टमध्ये काही भागावर खूण आली आहे, ती खूण चुकतेही, म्हणून तुलाच विचारतोय. आकडा सांगू नका, आकडा ऐकला की पोरं गोठतात. पण लपवून गोड गोड बोलत पकडायला गेलात तर शेवटी कळतंच, आणि मग ती पुढची तीन वर्षं तुमच्याबद्दल काय सांगत फिरेल ते सांगायला नको.

आणि मराठीत बोला. ही सगळ्यात मोठी गोष्ट. प्रोजेक्ट इंग्रजीत आहे म्हणून इंग्रजीत प्रश्न विचारले तर तुम्ही तिचं इंग्रजी तपासताय, तिचं काम नाही.

काय विचारायचं

पहिला प्रश्न कामाबद्दल, लिखाणाबद्दल नाही. ‘बर्डीवर कधी गेली होतीस, पहिल्या दिवशी काय झालं?’ ज्याने काम केलंय त्याच्याकडे पहिल्या दिवसाची फजिती असतेच. ती म्हणाली, ‘सर, पहिल्या दिवशी कोणीच बोललं नाही, त्यांना वाटलं मनपाची आहे.’ मग कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घालून गेली, तेव्हा बोलायला लागले.

मग रंगलेल्या भागातलं एक वाक्य निवडा आणि विचारा हे कुठून आलं. तिच्या चौथ्या प्रकरणात इंग्रजीत होतं की विक्रेत्यांचं लक्षणीय प्रमाण डिजिटल व्यवहारांसाठी कुटुंबातल्या सदस्यांच्या खात्यांवर अवलंबून आहे. वाचलं तर खरंच यंत्राने लिहिल्यासारखं. मी म्हटलं, हे सोपं करून सांग. ती म्हणाली, ‘सर, ते मोजेवाले काका आहेत ना, त्यांचा क्यूआर पोराच्या नावाने आहे. दिवसभर पैसे पोराच्या खात्यात जातात, रात्री पोरगा जे देईल ते. साउंडबॉक्स पण आहे पण संध्याकाळच्या गर्दीत ऐकूच येत नाही, मग ते गिऱ्हाइकाचा मोबाइल पाहून माल देतात.’ आणि पिशवीतून प्रश्नावल्या काढल्या, घामाने कडा वाकलेल्या, चौदा नंबरच्या फॉर्मवर मागे मराठीत लिहिलेलं: ‘पोराचं खातं. ९ जण असेच.’

मग हे असं वाक्य झालं कसं? ‘मी मराठीत लिहिलं होतं सर. मग ट्रान्सलेटला टाकलं. मला इंग्रजी जमत नाही तेवढं.’ झालं. मशीन ट्रान्सलेशनची भाषा गुळगुळीत असते, डिटेक्टरने ती पकडली. म्हणजे टूल अगदीच खोटं नव्हतं बोलत, मशीनचा हात होताच, पण विचार, डेटा, शोध सगळा हिचा. ७४ हा आकडा हा फरक कधीच सांगू शकला नसता.

इथेच थांबलो असतो तर अर्धंच काम झालं असतं. दुसऱ्या प्रकरणाकडे वळलो, ‘हे दोन पेपर तू कुठे वाचले?’ बराच वेळ गप्प. या गप्प बसण्याचा अर्थ लगेच काढू नका, त्या उमरेडच्या पोराचं मी तेच केलं होतं. मी पाणी दिलं आणि म्हटलं, वाचले नसतील तर तसं सांग, कसे आले तेवढं सांग. तेव्हा कळलं की लिटरेचर रिव्ह्यू तिच्या मावसभावाने चॅटजीपीटीवरून काढून दिला, आणि ‘पकडू नये’ म्हणून पॅराफ्रेजच्या टूलमधून फिरवला. म्हणून तो पांढरा. म्हणजे जे खरं तिचं होतं त्यावर रंग, आणि जे खरंच मशीनचं होतं ते सुटलेलं. नुसता रिपोर्ट पाहून शिक्षा केली असती तर चुकीच्या प्रकरणासाठी केली असती.

काही ठिकाणी बोलूनही कळत नाही. तेव्हा मी कागद देतो, रंगलेला एक परिच्छेद निवडून म्हणतो की हे दहा मिनिटांत तुझ्या शब्दांत लिही, मराठीत चालेल. मुद्दा धरलाय का ते पाहायचं, स्पेलिंग नाही. पण हीसुद्धा परीक्षा पक्की नाही, कारण दोन महिन्यांपूर्वी लिहिलेलं माझं मलाही आठवत नाही. आणि उलटही होतं, हुशार पोरगा एआयने लिहिलेलं पाठ करून येतो आणि धाडधाड सांगतो. त्याला कच्चा माल मागा, फॉर्म, फोटो, आकडेवारीची शीट. त्यात तो अडकतो. आणि कुठेच अडकला नाही, हातात काहीच लागलं नाही, तर मार्क कामाचे द्यायचे आणि फाइल बंद, डिटेक्टर काहीही म्हणो.

निर्णय आणि नोंद

आधी स्वतःला विचारा, मी वर्षाच्या सुरुवातीला काय सांगितलं होतं? ट्रान्सलेट चालेल की नाही, ग्रामर टूल चालेल की नाही, हे मी लेखी कुठेच दिलं नव्हतं. न सांगितलेल्या नियमाची शिक्षा देता येत नाही, म्हणून चौथ्या प्रकरणाला हातच लावला नाही, फक्त म्हटलं ट्रान्सलेट वापरलं हे एका ओळीत लिही आणि साउंडबॉक्सची गोष्ट त्यात घाल, ती का गाळलीस? म्हणते, ‘सर, ते प्रोजेक्टमध्ये बरं दिसत नाही वाटलं.’ खोटे संदर्भ मात्र कुठल्याही नियमाशिवाय खोटेच. दुसरं प्रकरण आठ दिवसांत पुन्हा, कमी संदर्भ चालतील, पण प्रत्येक वाचलेला हवा, आणि त्याचे मार्क कमी धरणार हे तोंडावर सांगितलं.

त्याच दिवशी अर्ध्या पानाची नोंद करा. माझ्या नोंदीत तारीख होती, कोण हजर होतं, काय विचारलं, तिने काय दाखवलं (४० प्रश्नावल्या, एक वही), कुठले दोन संदर्भ सापडले नाहीत आणि कुठे शोधले, काय ठरलं. खाली तिची सही, तिला एक झेरॉक्स. एआय स्कोअर एका ओळीत लिहिला, ‘यामुळे तपासणी सुरू केली’ एवढंच. प्रकरण मोठं असेल, म्हणजे सगळा प्रोजेक्ट विकत घेतलेला वगैरे, तर एकट्याने निकाल लावू नका, डिपार्टमेंटच्या कमिटीकडे द्या, आणि पाठवताना स्वतःला विचारा की या फाइलमधून स्कोअरचं पान काढून टाकलं तर काय उरतं. काहीच उरत नसेल तर पाठवू नका.

यंदा जुलैत मी पहिल्याच दिवशी एक पान वाटलं. ट्रान्सलेट आणि ग्रामर टूल चालेल पण सांगायचं, लिटरेचर रिव्ह्यू मशीनकडून नाही, आणि मराठीतला कच्चा मसुदा फेकायचा नाही, व्हायवाला सोबत आणायचा. डीटीपीवाल्या दादालाही सांगून आलोय की पोरांची हाताने लिहिलेली पानं परत देत जा, रद्दीत टाकू नको. तो म्हणाला, ‘सर, आजकाल हाताने लिहिलेलं आणतंच कोण, सगळे मोबाइलवरच पाठवतात.’ मग पानावर पेनने अजून एक ओळ वाढवली: मोबाइलवरचा मसुदा असेल तर तोही डिलीट करू नका.